गोळीआधी ताट

खानापूर

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

तू हुबळीला गेल्यापासून तुझ्या आहारतज्ज्ञ बाईंनी मधुमेहासाठी लिहून दिलेली अकरा पाने माझ्या टेबलावर होती. ती चांगली आहेत, पण पहाटे पाळीला पळणारा माणूस अकरा पाने वाचणार नाही, हे मी तुझा बाप म्हणून जाणतो. म्हणून त्यांचा एक कागद केला आहे. बाईंना दाखवून, त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्त केल्यावरच तो सोबत पाठवीत आहे.

प्रत्येक वाक्याला मी एकच प्रश्न विचारला: हे किती वाजता करायचे आणि त्या वेळी हाताने काय करायचे? ‘तंतुमय पदार्थ वाढवावेत’ या वाक्याला वेळ नव्हती. ते ‘दुपारी भाकरीचा पहिला घास घेण्याआधी एक वाटी काकडी-टोमॅटो’ असे लिहिले, तेव्हा त्याला वेळ मिळाली. ज्या वाक्यांना अशी वेळ सापडली नाही ती कागदाच्या मागे गेली.

कागदाची पहिली ओळ लाल शाईत आहे: नाश्त्याचे ताट समोर आल्याशिवाय सकाळची गोळी पाकिटातून काढायची नाही. तुझ्या दोन गोळ्यांपैकी ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात अन्न असो वा नसो. दिवाळीत तू साडेसातला गोळी घेतलीस, ‘स्टेशनवर खाईन’ म्हणालास आणि साडेदहाला घामाने भिजून ओसरीवर बसलास, हे मी विसरलेलो नाही. साखर मोजायच्या यंत्राने 58 दाखवले. आम्ही घाबरून तुझ्यापुढे कुंद्याचा डबा ठेवला. ती आमची चूक होती, कारण खव्यातील स्निग्धांशामुळे त्यातली साखर रक्तात उशिरा पोचते. बरे वाटेपर्यंत तू अर्धा डबा संपवलास आणि संध्याकाळी आकडा 290 झाला. म्हणून दुसरी ओळ अशी: 70 च्या खाली आकडा आला, किंवा यंत्र जवळ नसताना हात थरथरून घाम फुटला, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटे थांबून पुन्हा तपासायचे आणि तरीही कमी असेल तर तेवढीच साखर पुन्हा घ्यायची. आकडा सावरल्यावर जेवायचे. शुद्ध हरपली तर कोणीही तोंडात काही घालू नये, थेट दवाखान्यात न्यावे. हे तुझ्या खोलीतल्या मित्रालाही वाचायला दे.

मापांचा घोळ मात्र मला आधी कळला नव्हता. बाईंनी दुपारी ‘साठ ग्रॅम पीठ’ लिहिले होते आणि मी सरळ ‘एक भाकरी’ असे उतरवले. मग सहज म्हणून तुझ्या आईच्या जोंधळ्याच्या भाकरीचे पीठ तोलले, तर ते पंचाण्णव ग्रॅम भरले! म्हणजे कागदावर एक आणि पोटात दीडहून जास्त. आता साठ ग्रॅम पीठ सपाट मावणारी स्टीलची छोटी वाटी तुझ्या डब्यात ठेवली आहे. खानावळीच्या मावशींना तीच दे. भात हवा असेल तर अर्धी भाकरी कमी करून शिजलेला भात अर्धी मोठी वाटी घ्यायचा, वर जास्तीचा नाही. चारच्या चिरमुऱ्यांऐवजी मूठभर फुटाणे लिहिले आहेत, कारण चिरमुरे हलके लागले तरी साखर भराभर चढवतात. तुला ते आवडतात, हे ठाऊक आहे.

मी पुन्हा शाळेतल्यासारखा शिकवू लागलो, क्षमा कर. तू सहावीत असताना लोंढ्याकडे जाणारी गाडी चुकू नये म्हणून भाकरीची गुंडाळी हातात घेऊन पळायचास आणि आई दारातून ‘बसून खा रे’ म्हणून ओरडायची. आज तू एवढ्या मोठ्या यंत्रांवर माणसे सांभाळतोस, मला गावभर सांगावेसे वाटते. पण रात्री जागा झालो की तुझे ते पाकीटच डोळ्यांसमोर येते, गोळी काढलेले आणि ताट नसलेले.

कागदाच्या तळाशी दोन रकाने आहेत: सकाळी उपाशीपोटी आणि जेवणाच्या पहिल्या घासापासून दोन तासांनी. जेवण संपल्यापासून मोजू नकोस. रोज दोन्ही नकोत, आठवड्यातून तीन दिवस पुरे, असे बाई म्हणाल्या. डॉक्टरांनी गोळी किंवा तिची मात्रा बदलली, तर हा कागद फाडून टाक. तो याच गोळ्यांसाठी केलेला आहे. ताप येऊन अन्न जात नसेल त्या दिवशी कागद न पाहता डॉक्टरांना फोन कर.

एक प्रत कपाटाच्या दारावर चिकटव, दुसरी घडी करून पाकिटाला रबराने बांध. सोमवारी सकाळी आठला मी फोन करीन. तोंडात घास असेल तर उचलू नकोस.

तुझे
आप्पा