दरवाढीच्या पाटीबद्दल

बेंगळुरू, ५ ऑक्टोबर २०२४

ती. बाबा आणि आई,
सा. न.

बाबा, पाटीचा मजकूर वाचला. 'कच्च्या मालाच्या वाढत्या किमतीमुळे नाइलाजास्तव दरवाढ करावी लागत आहे, कृपया वाद घालू नये.' यातलं शेवटचं वाक्य तर आधी काढा. अजून कोणी वाद घातलेलाच नाही! आणि 'नाइलाजास्तव' प्रत्येक दुकानावर लिहिलेलं असतं, ते आता कोणी वाचतही नाही.

तुम्ही पाठवलेल्या वहीच्या पानांवरून मी चकलीचा हिशोब मांडला. पंधरा किलोचा तेलाचा डबा १,७५० वरून २,१५० वर गेला, म्हणजे किलोला साधारण २७ रुपये वाढले. किलोभर चकलीत तीनशे ग्रॅमच्या आसपास तेल मुरतं, वर काळं झालं म्हणून काढून टाकायचं तेल वेगळं. तेव्हा चकलीच्या किलोमागे तेलाचे दहा रुपये धरले. हरभरा डाळीचे चार, गॅसचा दीड. आणि चकल्या पाडणाऱ्या बायकांची मजुरी आईने किलोला ४० वरून ५० केली, त्याचे दहा. एकूण साडेपंचवीस. म्हणजे तेलाइतकाच वाटा मजुरीचा आहे, आणि तुमच्या मजकुरात तिचा उल्लेखच नाही.

आई म्हणेल, मजुरी आपण आपल्या मर्जीने वाढवली, ती लोकांना कशाला सांगायची? पण सगळं तेलावर ढकललं तर गिऱ्हाईक तेलाचाच हिशोब करणार. सप्टेंबरमध्ये सरकारने कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीसवर नेलं, हे लोकांनी वाचलंय. कमी शुल्काने आलेला साठा संपेपर्यंत भाव वाढवू नका, असं सरकारने कंपन्यांना सांगितलं होतं, हेही वाचलंय. मग 'साठा असताना महाग कसं?' यावर बाबा काउंटरवर अर्धा तास बोलत बसणार. त्या वादात आपण पडायचंच नाही. आपल्याला डबा कितीला पडला, एवढंच सांगायचं.

मला असा मजकूर सुचतो:

'सोमवार, १४ ऑक्टोबरपासून भाजणीची चकली किलोला ४०० ऐवजी ४२५ रुपये. तेलाचा डबा ४०० रुपयांनी महागला आहे. चकल्या पाडणाऱ्या ताईंची मजुरी आम्ही किलोमागे १० रुपयांनी वाढवली आहे. डाळ आणि गॅसही थोडे महागले आहेत. तेल आणि भाजणी पूर्वीचीच. १३ तारखेपर्यंत नोंदवलेल्या ऑर्डर जुन्या दराने मिळतील.'

बस. माफी नको, 'सहकार्य करावे' नको. 'तेल पूर्वीचंच' हे मात्र राहू द्या, कारण अशा वेळी पहिला संशय तेलाचाच येतो: पामतेल मिसळलं का, जुनंच तेल पुन्हा पुन्हा तापवतात का. तेव्हा ते वाक्य खरंही ठेवायला लागेल. कढईत फेस टिकून राहायला लागला, तेल घट्ट झालं किंवा नेहमीपेक्षा लवकर धुरायला लागलं की डबा कितीही महाग असो, ते तेल बाद.

बाबा, पावकिलो सरळ ११० करायचं म्हणताय, सुट्ट्याची कटकट नको म्हणून. मला ते पटत नाही. ११० म्हणजे किलोला ४४०. पावकिलो कोण घेतं? समोरच्या सोसायटीतले निवृत्त लोक. किलोने नेणाऱ्याला ४२५ आणि त्यांना ४४०, हे पाटीवरच्या हिशोबात बसत नाही. १०६ लावा. बहुतेक लोक फोनवरूनच पैसे देतात, रोखीत सुट्टे नसले तर १०५ घ्या. पाकीट २५० चं २२५ ग्रॅम करायचा विचार तर सोडूनच द्या. नवं वजन छापलं की ते कायद्यात बसेल, पण दर वाढवल्याची पाटी लावायची आणि पाकीट गुपचूप हलकं करायचं, याला काही अर्थ नाही.

आणि ज्या पाकिटांवर १०० रुपये छापून झालेत, ती १०० लाच विकायची. वर जास्त किमतीचं स्टिकर लावणं नियमात बसत नाही. असतील तेवढी आधी संपवा.

'तेल उतरल्यावर दर कमी करणार का?' हे कोणीतरी विचारणारच. डबा पुन्हा साडेसतराशेवर आला तर किलोला दहा रुपये कमी करू, असं सांगा. पंचवीसचं वचन देऊ नका, कारण मजुरी आपण मागे घेणार नाही.

पाटी सोमवारी, ७ तारखेला लावा, म्हणजे लोकांना आठवडा मिळेल. दसऱ्याआधी जुन्या दराने ऑर्डर नोंदवायला गर्दी होईल, तेव्हा भाजणीचं दळण दोन दिवस आधी टाका. अक्षर आईचं असू दे. बाबा, तुमचं मला वाचता येतं, पण गिऱ्हाइकांचं काय?

तुमची,
मनू