सायलीस, तुझ्या त्या चारशे शेअर्सबद्दल

चि. सायलीस, अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू टेलिग्रामच्या ग्रुपबद्दल सांगितलंस. पहिल्या पगारातले दहा हजार घालून, पंचवीस रुपयांच्या भावाने एका छोट्या कंपनीचे चारशे शेअर्स घेतलेस, आणि ग्रुपवाला म्हणतोय की महिन्यात भाव चाळीस होणार. मी तेव्हा काही बोललो नाही, कारण तुझी आई शेजारीच होती आणि तिने लगेच अर्धं घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणून लिहितोय.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात सत्तावीस वर्षं अडत दुकानाच्या वह्या लिहिल्या. शेअर्समधलं मला फार कळत नाही, पण सौदे पुष्कळ पाहिलेत. हळदीचा भाव चढणार असं ज्याला खरंच वाटतं, तो व्यापारी तोंड मिटून माल उचलतो. तोच जेव्हा चहाच्या टपरीवर सगळ्यांना ‘घेऊन ठेवा’ सांगत सुटतो, तेव्हा त्याच्या गोदामातला माल बाहेर पडत असतो. तुझ्या ग्रुपचं गणित मला तसंच दिसतंय.

मांडून बघ. एका कंपनीचा शेअर चौदा रुपयांना आहे आणि दिवसाला जेमतेम तीन हजार शेअर्सची उलाढाल होते. ग्रुपवाला आणि त्याची माणसं दोन महिने थोडेथोडे करून लाखभर शेअर्स सरासरी पंधरा रुपयांनी घेतात. मग टिप येते. शेअरचा भाव दिवसाला पाच टक्क्यांपर्यंतच वर-खाली होऊ शकेल अशी मर्यादा असेल, तर सोळाचे सव्वीस व्हायला दहा दिवस पुरतात. भाव रोज वरच्या मर्यादेला टेकतो, त्या ‘अप्पर सर्किट’चे स्क्रीनशॉट येतात आणि माणसाला वाटतं, आपलीच गाडी चुकतेय. तुझ्यासारखी अडीचशे मुलं चारशे-चारशे शेअर्स घेतात. झाले लाख! ते सगळे त्या मंडळींनीच विकलेले, दहा लाखांच्या नफ्यासह.

नंतर भाव रोज पाच टक्के खाली येतो आणि घेणारा कोणी नसतो. विकायची ऑर्डर टाकली तरी ती नुसती रांगेत उभी राहते. बाराएक दिवसांत भाव पुन्हा चौदाला, आणि तुझ्या दहा हजारांचे पाच हजार सहाशे. तोवर ग्रुपवर ‘घाबरू नका, होल्ड करा’ चालू असतं, आणि प्रश्न विचारणाऱ्याला काढून टाकलेलं असतं.

हे मी मनचं सांगत नाही. 2022 च्या जुलैमध्ये साधना ब्रॉडकास्ट नावाच्या कंपनीबद्दल यूट्यूबवर खोटे व्हिडिओ आले. एक मोठा उद्योगसमूह ती ताब्यात घेणार, असं त्यात सांगितलं होतं. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने मार्च 2023 मध्ये आदेश काढला. लोक व्हिडिओ पाहून घेत होते, तेव्हा कंपनीचे काही प्रवर्तकच चढ्या भावाला विकत होते, असं त्यात आहे. छोट्या भागधारकांची संख्या दोन हजारांच्या आसपास होती, ती पंचावन्न हजारांवर गेली.

आता तू एक कर. बीएसईच्या वेबसाइटवर त्या कंपनीचं नाव टाक आणि टिप यायच्या आधीच्या तीन महिन्यांत रोज किती शेअर्सची उलाढाल झाली ते बघ. उलाढाल आधी शांत आणि टिपेच्या आगेमागेच एकदम फुगलेली दिसली, तर काय ते समज. तिथेच कंपनीने दिलेल्या घोषणा असतात. ‘मोठी ऑर्डर मिळाली’ असं ग्रुपवर आलंय ना? ते तिथे नसेल, तर ते कुणीतरी रचलेलं आहे असंच धर.

आणि ग्रुपवाल्याला त्याचा नोंदणी क्रमांक विचार. पैसे घेऊन शेअर्सचा सल्ला देणाऱ्या विश्लेषकाचा क्रमांक INH ने सुरू होतो, गुंतवणूक सल्लागाराचा INA ने. नुसत्या क्रमांकाने समाधान मानू नकोस, तो दुसऱ्याचा उचललेला असू शकतो. सेबीच्या यादीत त्या क्रमांकापुढे जो फोन आणि ईमेल आहे, तिथे स्वतः संपर्क करून विचार की हा ग्रुप तुमचाच का. क्रमांक खरा असला तरी ‘महिन्यात चाळीस नक्की’ अशी हमी द्यायची त्यालाही परवानगी नाही.

इतकं बघून तुलाही माझ्यासारखंच वाटलं, तर सोमवारी बाजार उघडताच विकायची ऑर्डर टाक. भाव खालच्या मर्यादेला अडकला असेल तर आधी आलेल्या ऑर्डरचा नंबर आधी लागतो, म्हणून चालढकल करू नकोस. दिवसभरात नाही विकले गेले तर ती ऑर्डर रद्द होते, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा टाकावी लागते. दोन-तीन हजार गेले तरी मी रागावणार नाही.

आईला सध्या काही सांगितलेलं नाही. ती तुझ्यासाठी डिंकाचे लाडू करतेय, रविवारच्या गाडीने पाठवतो. डबा परत आण म्हणजे झालं.

तुझे बाबा