दुव्याऐवजी पूर्ण नियंत्रण घेतल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : ब्राउझरमधून स्क्रीन दाखवण्याऐवजी नियंत्रणाचे सॉफ्टवेअर बसवून घेतल्याबाबत.

महोदय,

आपल्या बिलिंग सॉफ्टवेअरमधून छापलेल्या बिलाची शेवटची, म्हणजे नेमकी एकूण रकमेची ओळ कापली जात होती, म्हणून मी मदत मागितली. 'काहीही इन्स्टॉल न करता दुव्यावरून स्क्रीन दाखवा', असे आपल्या प्रतिनिधींनी सांगितले आणि तेवढ्यावर विसंबून मी संमती दिली.

दुवा क्रोममध्ये उघडल्यावर कोणता टॅब, कोणती विंडो की संपूर्ण स्क्रीन दाखवायची, हे ब्राउझरने मला विचारले. मी फक्त बिलिंगची विंडो निवडली. प्रिंटची चौकट मात्र वेगळ्या विंडोत उघडते आणि एकच विंडो दाखवत असताना अशी चौकट समोरच्याला अनेकदा दिसत नाही. प्रतिनिधींनाही ती दिसेना. Stop sharing दाबून Entire Screen निवडायला सांगितले असते, तर काम पुढे सरकले असते. (त्याआधी बँकेचे पान आणि मोबाइलचे संदेश संगणकावर उघडे असल्यास बंद करायला सांगावे, कारण ओटीपी नुसता दिसला तरी पुरतो.) त्याऐवजी 'लिंक चालत नाही' असे म्हणून त्यांनी एक फाइल डाउनलोड करायला लावली, ॲडमिनची परवानगी द्यायला सांगितली आणि पडद्यावरचा क्रमांक व पासवर्ड मागून घेतला.

त्यानंतर माउस माझ्या हातात राहिला नाही. ब्राउझरमधील दुव्याने समोरच्याला केवळ चित्र दिसते. माझ्या संगणकावर क्लिक करणे वा टंकणे त्या पानाला शक्य नसते आणि टॅब बंद केला की सारे संपते. या सॉफ्टवेअरने मात्र त्यांना माझ्या कोणत्याही फोल्डरपर्यंत जाता येत होते. दुसऱ्या दिवशी संगणक सुरू करताच घड्याळाजवळ त्याचे चिन्ह पुन्हा दिसले, तेव्हा माझ्या अनुपस्थितीतही जोडणी करता येईल अशी सोय त्यात चालू ठेवलेली आढळली. मी ते सॉफ्टवेअर काढून टाकले आहे.

आणि दोष काय निघाला? प्रिंटरच्या सेटिंगमध्ये कागद ए४ ऐवजी लेटर होता. ए४ची उंची २९७ मिलिमीटर, तर लेटरची सुमारे २७९. त्या अठरा मिलिमीटरांत माझी ओळ गेली. हे पाहून तोंडी सांगता आले असते, क्लिक मीच केले असते.

प्रिंटरचा ड्रायव्हर बदलण्यासारख्या कामाला नियंत्रण लागू शकते, हे मला मान्य आहे. पण ते मागताना तसे स्पष्ट सांगावे आणि काम संपताच सॉफ्टवेअर माझ्यासमोर काढावे. माझ्या संगणकाची जोडणी आपल्या नोंदींतून वगळल्याचे, तसेच त्या दिवशी कोण किती वेळ जोडलेले होते याचे लेखी उत्तर सात दिवसांत पाठवावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक ग्राहक