विक्रीपत्रकातून गाळलेल्या `s` या अक्षराबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: चिपसेटचे अपूर्ण नाव छापून झालेली दिशाभूल आणि फोन परत घेण्याची मागणी

महोदय,

काल आपल्या प्रतिनिधीशी माझे चौथ्यांदा बोलणे झाले आणि ते संपल्यावर दहा मिनिटांत ‘आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे’ असा संदेश आला. निराकरण झालेले नाही, म्हणून हे लेखी कळवत आहे.

आपल्या विक्रीपत्रकावर चिपसेटच्या रकान्यात ‘स्नॅपड्रॅगन ७ मालिका, दुसरी पिढी’ एवढेच छापले आहे. मी ज्या दुसऱ्या फोनशी तुलना करत होतो, त्यात `Snapdragon 7+ Gen 2` होता. मालिका तीच आणि पिढीही तीच, म्हणून थोडाफारच फरक असेल असे समजून मी आपला फोन घेतला. घरी आल्यावर फोन संगणकाला जोडून पुढील आज्ञा दिली:

```
adb shell getprop ro.soc.model
```

उत्तर आले `SM7435`. हा क्रमांक `Snapdragon 7s Gen 2` चा आहे; `7+ Gen 2` चा क्रमांक `SM7475` असतो. जाहिरातीतले नाव कसेही छापता येते, पण हा क्रमांक फोन स्वतः सांगतो, आणि म्हणूनच मी त्यावर विसंबतो.

या दोन चिपसेटमधले अंतर आपल्या तांत्रिक विभागाला ठाऊक असणारच. `7+` मध्ये २.९१ गिगाहर्ट्झचा कॉर्टेक्स-एक्स२ हा एक मोठा कोअर आहे आणि ग्राफिक्ससाठी अड्रेनो ७२५ आहे. `7s` मध्ये तसा मोठा कोअर नाहीच, २.४ गिगाहर्ट्झचे चार कॉर्टेक्स-ए७८, चार लहान ए५५ आणि अड्रेनो ७१० एवढेच आहे. आता एक पायरी खालचा `6 Gen 1` पाहा. त्यातही चार ए७८ आणि चार ए५५ आहेत, फक्त ए७८ चा वेग २.२ गिगाहर्ट्झ आहे, आणि ग्राफिक्स तेच अड्रेनो ७१०. म्हणजे नावात सात असले तरी `7s` चे सख्खे नाते सहाशी आहे. स्नॅपड्रॅगन बनवणाऱ्या क्वालकॉमच्या नावांत `+` वरची पायरी दाखवतो आणि `s` खालची. `8s Gen 3` हासुद्धा `8 Gen 3` च्या खालीच बसतो. त्या नावातले सगळ्यांत महत्त्वाचे अक्षर जे होते, नेमके तेच आपण गाळले.

आता कालच्या संभाषणाबद्दल. मी हे सगळे शांतपणे सांगितल्यावर प्रतिनिधी म्हणाले, “सर, ‘एस’ म्हणजे स्पीड. तुमचा फोन उलट जास्त फास्ट आहे.” मी विचारले, हे कुठे लिहिले आहे? त्यावर ते म्हणाले, “सर, तुमचा चिपसेट सप्टेंबर २०२३ चा आहे आणि तो दुसरा मार्च २०२३ चा. नवीन असतो तो चांगलाच असतो.” मी पुन्हा कोअरचे आकडे वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी मला मध्येच थांबवून सांगितले, “सर, एवढे आकडे ग्राहकाने बघायचे नसतात.” हे वाक्य मी विसरू शकत नाही. आपणच आकडा दाखवून माल विकता, मग त्याच आकड्याचा अर्थ विचारणाऱ्याला असे उत्तर कसे देता?

त्यानंतर तडजोड म्हणून त्यांनी मीडियाटेकचा डायमेन्सिटी `7050` हा चिपसेट असलेला फोन बदलून देऊ केला. “यातही सातच आहे, आणि तुमच्या जुन्या फोनमध्ये तर `1080` होता,” असे ते म्हणाले. पहिली गोष्ट, मीडियाटेकचा सात आणि क्वालकॉमचा सात एका मापाने मोजता येत नाहीत. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. `7050` हा `1080` च आहे. २०२३ मध्ये त्याला नवे नाव मिळाले एवढेच. दोन्ही `MT6877` याच कुळातले असून दोन्हींत २.६ गिगाहर्ट्झचे दोन ए७८, सहा ए५५ आणि माली-जी६८ ग्राफिक्स आहे. जो चिपसेट कमी पडतो म्हणून मी जुना फोन सोडला, तोच मला बढती म्हणून परत दिला जात होता. ही तडजोड मला मान्य नाही.

आपल्या कंपनीचे मी याआधी तीन फोन वापरले आहेत आणि घरातल्यांनाही तेच घ्यायला लावले, म्हणून हे अधिक लागते. मी `7s` ला वाईट म्हणत नाही. रोजच्या कामाला तो पुरतो, आणि `7s` असे स्पष्ट छापले असते तर मी विचार करूनच निर्णय घेतला असता. तो `s` छापलेला नव्हता, हीच माझी तक्रार आहे.

माझा फोन परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी आणि विक्रीपत्रकावर चिपसेटचे पूर्ण नाव त्याच्या क्रमांकासह छापावे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास विक्रीपत्रकाची प्रत, `SM7435` दिसणाऱ्या पडद्याचे छायाचित्र आणि चारही संभाषणांच्या तारखा जोडून मी ग्राहक तक्रार निवारण यंत्रणेकडे दाद मागेन.

आपला,
एक ग्राहक