दिवसांना ३६५ ने भागून वय काढू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या शेजारच्या वहिनींना गेल्या वर्षी एका पतसंस्थेचं पत्र आलं. पत्रात लिहिलं होतं की, ठेव ठेवताना आपण वय चुकीचं सांगितल्यामुळे ज्येष्ठ नागरिकांसाठीचा अर्धा टक्का जादा व्याजदर रद्द करण्यात येत आहे आणि जादा गेलेली रक्कम वसूल करण्यात येईल. ते पत्र हातात घेऊन त्या आमच्या ओट्यावर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "भाऊजी, मी वय सांगितलंच नाही हो. त्यांनी आधार कार्ड घेतलं आणि त्यांनीच लिहिलं," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

मी तीस वर्षं माध्यमिक शाळेत गणित शिकवलं आहे. आधार कार्ड आणि ठेव पावती शेजारी शेजारी ठेवली. जन्मतारीख १ जून १९६५. ठेव ठेवली २० मे २०२५ रोजी. पावतीवर वय ६० पूर्ण. साठी पुरी व्हायला अजून बारा दिवस होते, आणि कार्डावरची तारीख तर संस्थेने अचूक उतरवून घेतली होती. म्हणजे चूक वहिनींच्या सांगण्यात नव्हती, संस्थेच्या हिशेबात होती.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर शाखेत गेलो. टेबलावरचा मुलगा भला होता. त्याने संगणकावर तक्ता उघडून दाखवला. वयाच्या रकान्यात हे सूत्र होतं :

```
=INT((B2-A2)/365)
```

A2 मध्ये जन्मतारीख, B2 मध्ये ठेवीची तारीख, आणि INT म्हणजे अपूर्णांक सोडून फक्त पूर्ण वर्षं ठेवणं. त्याने विचारलं, "सर, वर्षात ३६५च दिवस असतात ना? मग चुकलं कुठे?" हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही, म्हणूनच हे पत्र लिहितो आहे. शाळा, संस्था, शिबिरं, क्रीडा स्पर्धा, जिथे जिथे कुणीतरी घरच्या घरी असा तक्ता तयार करतं तिथे हे सूत्र मला सापडलं आहे.

संगणकावरच्या तक्त्यात तारीख ही आतून एक साधी संख्या असते. १ जून १९६५ म्हणजे २३८९४ आणि २० मे २०२५ म्हणजे ४५७९७. दोन तारखांची वजाबाकी केली की मधले दिवस मिळतात, इथे २१९०३. इथपर्यंत सगळं बरोबर आहे. पुढे त्या दिवसांची वर्षं करायची म्हणून माणूस सहज ३६५ ने भागतो. ६० गुणिले ३६५ म्हणजे २१९००. आपले दिवस त्याहून तीनने जास्त, म्हणून यंत्राने ६० पूर्ण दाखवले. पण १९६५ च्या जूनपासून २०२५ च्या जूनपर्यंत १९६८ ते २०२४ अशी पंधरा लीप वर्षं येऊन गेली. प्रत्येकाने एक दिवस वाढवला. खरी साठ वर्षं २१९१५ दिवसांची झाली. सूत्राला हे पंधरा दिवस ठाऊकच नाहीत, म्हणून त्याच्या लेखी वहिनी १७ मे रोजीच साठीच्या झाल्या.

ही चूक वयाबरोबर वाढत जाते. दर चार वर्षांमागे एक दिवस. पहिलीत जाणाऱ्या मुलाच्या बाबतीत एक-दोन दिवस, अठराव्या वर्षी चार किंवा पाच, साठीला पंधरा, पंचाहत्तरीला अठरा-एकोणीस. माणूस नेहमी वाढदिवसाच्या आधीच मोठा झालेला दिसतो. आणि वाढदिवसाच्या आधीचे हे थोडे दिवस सोडले, तर वर्षभर उत्तर अगदी बरोबर येतं. त्यामुळेच ही चूक वर्षानुवर्षं टिकते. तक्ता करणारा स्वतःची जन्मतारीख टाकून पाहतो, वय बरोबर येतं, तक्ता कामाला लागतो. साठीच्या आसपासचे लोक घेतले तरी कोणत्याही एका दिवशी चोविसात एखाद्याचंच वय चुकीचं दिसेल.

पण आपल्याकडे त्यात एक वेगळी भर आहे. माझ्या पिढीतल्या खेड्यापाड्यांतल्या कितीतरी लोकांची जन्मतारीख कागदोपत्री १ जून आहे. शाळेत नाव घालायला आईवडील मुलाला घेऊन यायचे, नक्की तारीख कुणालाच सांगता यायची नाही, आणि गुरुजी अंदाजाने वर्ष धरून १ जून लिहून मोकळे व्हायचे. माझ्याही दाखल्यावर तीच तारीख आहे. म्हणजे या सूत्राची चूक आमच्या गावांत वर्षभर विखुरलेली राहत नाही. ती मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात एकदम येऊन पडते. त्या पतसंस्थेने माझ्या सांगण्यावरून १७ ते ३१ मे दरम्यानच्या ज्येष्ठांच्या ठेवी काढून पाहिल्या, तेव्हा वहिनींसारख्या आणखी सात पावत्या निघाल्या. सातही जणांची जन्मतारीख १ जून १९६५.

वहिनींची ठेव दोन लाखांची, मुदत एक वर्ष. अर्ध्या टक्क्याने वर्षाचे हजार रुपये. संस्थेने चार महिन्यांचे जादा गेलेले ३३३ रुपये कापून घेतले. पण मुलाने त्या दिवशी बरोबर वय पाहिलं असतं तर तो म्हणाला असता, "मावशी, बारा दिवस थांबा, १ जूनला या." त्या थांबल्या असत्या आणि हजार रुपये हक्काने मिळाले असते. आता मुदत संपेपर्यंत दर बदलता येत नाही असं उत्तर मिळालं. पैशांपेक्षा त्यांना लागलं ते "चुकीचं वय सांगितल्यामुळे" हे वाक्य. ते वाक्य मागे घेणारं पत्र मी संस्थेकडून लिहून घेतलं, तेवढं मात्र त्यांनी लगेच दिलं.

अठराव्या वर्षाची गोष्ट पैशांपुरती राहत नाही. २०२५ मध्ये अक्षय तृतीया ३० एप्रिलला होती. आमच्या भागातल्या एका सामुदायिक विवाह सोहळ्याची यादी आयोजकांनी मला नजरेखालून घालायला दिली होती. एका मुलीची जन्मतारीख ३ मे २००७, वयाच्या रकान्यात १८. दिवस मोजले तर ६५७२, आणि १८ गुणिले ३६५ होतात ६५७०. तक्ता म्हणतो सज्ञान. प्रत्यक्षात तिला अठरा पूर्ण व्हायला तीन दिवस बाकी होते, आणि त्या दिवशी लग्न लागलं असतं तर कायद्याने तो बालविवाह ठरला असता. आयोजकांचा हेतू चांगला होता, त्यांनी वय तपासण्यासाठीच तर तो रकाना केला होता. मुलीच्या वडिलांना समजावून सांगितलं, लग्न पुढे ढकललं.

कायद्यात याबद्दल काही संदिग्धता नाही. भारतीय सज्ञानता अधिनियम, १८७५ च्या कलम ३ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की, जन्माचा दिवस पूर्ण दिवस म्हणून धरायचा आणि त्या दिवसाच्या अठराव्या वर्धापनदिनाच्या सुरुवातीला व्यक्ती सज्ञान झाली असं मानायचं. यात दिवसांची बेरीज नाही, भागाकार तर नाहीच. वय कॅलेंडरवर मोजायचं असतं.

आता दुरुस्तीबद्दल, कारण इथेही एक फसगत होते. चूक लक्षात आली की पुष्कळ जण ३६५ च्या जागी ३६५.२५ लिहितात. पतसंस्थेतल्या मुलानेही माझ्यासमोर तसंच केलं, आणि साठीच्या सगळ्या नोंदी झटक्यात बरोबर झाल्या. साठला चारने पूर्ण भाग जातो, साठ वर्षांत बरोबर पंधरा लीप दिवस येतात, म्हणून तिथे हिशेब जुळतो. मी त्याला १ जून १९६० ही जन्मतारीख आणि १ जून २०२५ ही ठेवीची तारीख टाकायला सांगितलं. पासष्टावा वाढदिवस, पण तक्त्यात ६४ आलं. कारण या पासष्ट वर्षांत सोळा लीप दिवस आले, एकूण दिवस २३७४१, आणि ६५ गुणिले ३६५.२५ होतात २३७४१.२५. पाव दिवस कमी पडला आणि वर्ष बुडालं. आधीचं सूत्र माणसाला लवकर मोठं करत होतं, हे एक दिवस उशिरा करतं. अर्जाची शेवटची तारीख नेमकी वाढदिवसालाच असेल तर तो एक दिवसही महागात पडतो.

खरी रीत आपण सगळे शाळेत शिकलो आहोत. वर्ष, महिना, दिवस अशी मांडणी करून वजाबाकी करायची. २०२५-५-२० मधून १९६५-६-१ वजा करा. विसातून एक गेला, एकोणीस दिवस. पाचातून सहा जात नाहीत, म्हणून एक वर्ष उसनं घेतलं, बारा महिने मिळाले, सतरातून सहा गेले, अकरा महिने. उरलेल्या २०२४ मधून १९६५ गेले, एकोणसाठ वर्षं. वय ५९ वर्षं, ११ महिने, १९ दिवस. तक्त्यात हेच काम करणारं तयार सूत्र आहे :

```
=DATEDIF(A2,B2,"Y")
```

हे सूत्र फक्त पूर्ण झालेली वर्षं देतं आणि वाढदिवस आला की नाही हे महिना आणि दिवस पाहून ठरवतं.

आपल्याकडचा तक्ता कोणत्या सूत्रावर चालतो हे माहीत नसलं तरी दोन तारखा टाकून तपासता येतं. बरोबर साठ वर्षांपूर्वीची, पण आजच्या नव्हे तर उद्याच्या दिवसाची जन्मतारीख टाका. उत्तर ५९ यायला हवं, ६० आलं तर तिथे ३६५ ने भागाकार आहे. मग १ जून १९६० आणि १ जून २०२५ ही वरची जोडी टाका. उत्तर ६४ आलं तर ३६५.२५ आहे.

ज्यांच्याकडे असे तक्ते आहेत त्यांनी सूत्र बदलून थांबू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. जुन्या नोंदींत ज्यांचा वाढदिवस नोंदीनंतरच्या पंधरा-वीस दिवसांत येतो तेवढ्या नोंदी वेगळ्या काढून पुन्हा तपासाव्यात. आणि चूक सापडली तर "आपण वय चुकीचं सांगितलं" असं पत्र पाठवण्याआधी अर्जावरची जन्मतारीख एकदा वाचावी. वहिनींची ठेव येत्या २० मे रोजी संपते आहे. नवी पावती करताना वयाचा रकाना मी त्यांच्याशेजारी बसून पाहणार आहे.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक, जि. सोलापूर