तेल बदललं, पण कुठलं सोडून कुठलं घेतलं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत तेलांवरचे दोन लेख लागोपाठ वाचले. एकात सूर्यफूल आणि करडईचे तेल हृदयाला हितकारक होते, दुसऱ्यात त्यांतल्या ओमेगा सिक्समुळे शरीरात दाह होतो म्हणून ती विषासमान. बेळगाव, निपाणी, अथणीकडच्या वाचकाने काय समजायचे? रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत माझी हयात गेली. हातात रिपोर्ट घेऊन लोक हेच विचारायचे, म्हणून हे पत्र.

दोन्ही लेखांत मुख्य मुद्दा राहून गेला. एलडीएल, म्हणजे रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल, उतरते ते आधीची कुठली चरबी कमी केली यावर. आपल्याकडच्या घाण्यावरच्या करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल, म्हणजे ओमेगा सिक्स, साधारण सत्तर ते पंचाहत्तर टक्के असते; साध्या सूर्यफुलात साठच्या आसपास. लोणी, वनस्पती तूप, पामतेल यांतली संपृक्त चरबी वाढली की यकृतातल्या पेशी रक्तातले एलडीएल कमी उचलतात आणि ते रक्तात साचते. तिच्या जागी लिनोलिक आम्ल आले की पेशी पुन्हा जास्त एलडीएल उचलू लागतात. नेहमीचे खाणे तसेच ठेवून वरून चमचाभर करडईचे तेल घेतले, तर हा लाभ मिळत नाही, उष्मांक मात्र वाढतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात अनेक आहार-प्रयोग एकत्र तपासले आहेत. रोजच्या उष्मांकांपैकी एक टक्का संपृक्त चरबीऐवजी अशा तेलातून घेतला, तर एलडीएल सरासरी दोन मिलिग्रॅमने उतरते.

हा हिशेब घरात मांडून पाहू. दोन हजार उष्मांक लागणारा एक माणूस दिवसाला वीस ग्रॅम पामोलीन खातो. ते सोडून त्याने तेवढेच करडईचे तेल घेतले, तर संपृक्त चरबी साधारण सात ग्रॅमने घटते. हे झाले तीन टक्के उष्मांक. एलडीएल सहा-सात मिलिग्रॅमने खाली यावे. पण हाच माणूस आधीपासून शेंगतेल खात असेल आणि सूर्यफुलावर गेला, तर फरक जेमतेम दोन-तीन मिलिग्रॅमचा, कारण शेंगतेलात मुळातच संपृक्त चरबी कमी असते. एकाच माणसाचे एलडीएल दोन तपासण्यांत पाच-दहा टक्के इकडेतिकडे होते. दीडशेवर ते सात ते पंधरा मिलिग्रॅम झाले. तेव्हा "शेंगतेल सोडलं आणि बारा पॉइंट उतरले" म्हणणाऱ्याचे श्रेय तेलाला देता येत नाही. आपल्या भागात शेंगतेल सोडायला लावणाऱ्यांचे मला म्हणूनच वाईट वाटते. खरी बचत आहे ती हॉटेलातल्या लोणी डोशात, बेकरीच्या खारीत आणि पामोलीनच्या पिशवीत.

आता दाहाचा आक्षेप. लिनोलिक आम्लापासून शरीर ॲराकिडोनिक आम्ल बनवते आणि त्यातून दाहकारक द्रव्ये तयार होतात, हे पुस्तकात बरोबर आहे. पण माणसांना जास्त लिनोलिक देऊन केलेल्या प्रयोगांत रक्तातले ॲराकिडोनिक आम्ल लक्षणीय वाढले नाही, सीआरपीसारख्या दाहखुणाही वाढल्या नाहीत.

तरीही एक प्रयोग दुर्लक्षिता येणार नाही. १९६६ ते १९७३ दरम्यान सिडनीत हृदयविकाराच्या ४५८ पुरुषांपैकी एका गटाला संपृक्त चरबीऐवजी करडईचे तेल आणि त्याचेच मार्गारीन दिले. कोलेस्टेरॉल उतरले, पण मृत्यू त्याच गटात जास्त झाले. २०१३ मध्ये जुनी नोंद पुन्हा तपासून ही गोष्ट ठळकपणे पुढे आली. त्या गटाचे लक्ष्य उष्मांकांच्या पंधरा टक्के लिनोलिकसारखी बहु-असंपृक्त चरबी असे होते; वर मांडलेल्या वीस ग्रॅम तेलातून त्याच्या निम्मीच येते. शिवाय आजारी पुरुषांचा तो एकच छोटा प्रयोग. त्यावरून तेलाला विष म्हणता येत नाही, पण एलडीएल उतरले म्हणजे हृदय सुरक्षित झाले, असेही म्हणता येत नाही.

अथणीकडे ज्वारीच्या शेताला कडेने करडईच्या काटेरी ओळी घालतात, गुरे आत शिरू नयेत म्हणून. त्या तेलाची फोडणी खुशाल घाला. भजी-पुरीसाठी तापवलेले तेल मात्र पुन्हा पुन्हा वापरू नये, लिनोलिक आम्ल उष्णतेने लवकर बिघडते. तेल काळपट झाले, फेसाळू लागले की टाकून द्यावे.

पुरवणीत पुढच्या वेळी तेलांचा तक्ता छापाल, तेव्हा "कशाच्या जागी" हा रकाना जरूर घालावा. तेल बदललेल्यांनी सहा ते आठ आठवड्यांनी त्याच प्रयोगशाळेत तपासणी करावी आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नये.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
टिळकवाडी, बेळगाव