मटकीची पिशवी परत का आणली

दिंडोरी, रविवार

चि. मुग्धा हिस अनेक आशीर्वाद.

परवा न जेवताच निघून आलो, त्याबद्दल तुझी आई दोन दिवस बोलत नाही माझ्याशी. बसमध्ये बसल्यावर मलाही वाटलं, पोरीच्या घरी आठ दिवस पाहुणचार घेतला आणि जाताना तोंड वाकडं करून आलो. चूक झाली. पण त्या इंदिरानगरच्या सूनबाईंना मोडांची पिशवी न देता परत आणली, ती चूक नाही झाली, हे मी अजूनही म्हणतो. फोनवर आवाज चढतो माझा, म्हणून लिहितोय.

आधी हिशोब देतो, नाहीतर म्हणशील अण्णांनी तुझ्या मायक्रोग्रीन्सच्या, म्हणजे विकायच्या कोवळ्या पाल्याच्या, रॅकची वाट लावली. आठ ट्रे पेरले. त्यातला मुळ्याचा एक मी फेकला आणि तो माझा मूर्खपणा. तिसऱ्या दिवशी झाकण काढलं तर प्रत्येक कोंबाच्या बुडाशी पांढरी लव. मला वाटलं बुरशी. तू रात्री फोनवर हसलीस तेव्हा कळलं, ती मुळांचीच लव असते, फवाऱ्याचं पाणी पडलं की चिकटून दिसेनाशी होते. दुसऱ्या दिवशी मोहरीवर खरी बुरशी आली तेव्हा फरक डोळ्यांनी बघितला. तिचं जाळं एका देठावरून दुसऱ्या देठावर कोळ्यासारखं गेलेलं, पाणी मारलं तरी तसंच, आणि ट्रे उचलल्याबरोबर कुबट वास. कारणही माझंच. तू 15 ग्रॅम मोहरी सांगितलीस, माझा हात सैल, 30 तरी पडली असेल. दाट पेरलं, वरून पाणी दिलं, त्यात ही आषाढातली दमट हवा. द्राक्षबागेत आयुष्यभर लोकांना ‘कॅनपी मोकळी ठेवा, वारा खेळू द्या’ सांगणारा माणूस मी!

उरलेल्या सहा ट्रेंतून 1,300 ग्रॅम पाला निघाला, पन्नास ग्रॅमच्या 26 डब्या. त्यातल्या 22 गेल्या, 60 रुपयांप्रमाणे 1,320 आले. चार डब्या फ्रिजमध्ये मलूल झाल्या, थालीपिठात घातल्या. खर्च असा: बी, कोकोपीट आणि दिवे मिळून ट्रेला 40, म्हणजे 320 (वाया गेलेले दोनही धरले, तू धरत नाहीस). डब्या आणि लेबलं 130. पेट्रोल 250. राहिले 620. सकाळ-संध्याकाळ मिळून रोज दीड तास हात चालले, त्याचे पैसे काही लावले नाहीत.

मटकीचं बघ. एक किलो 140 ची. रात्रभर भिजवून फडक्यात बांधली, दोन दिवसांत सव्वादोन किलोच्या आसपास मोड. दोनशे ग्रॅमच्या अकरा पिशव्या, 40 प्रमाणे 440. पिशव्यांचे 22 वजा केले तरी 278 उरतात. दिवा नको, कोकोपीट नको, ट्रे नको. तुझं गणित चुकत नाही ग. आठ ट्रेंच्या मागे आठ दिवस नाचून 620, आणि एका पातेल्यात दोन दिवसांत 278. तुझ्या जागी मी असतो तर मीही मोडांकडेच वळलो असतो.

पण तू पिशवीवर लिहितेस ‘सॅलडसाठी तयार’. तिथे माझं अडतं.

तू म्हणालीस, मोड आपण पिढ्यान् पिढ्या खातो. खातो, पण कसे? आपल्या गावात रविवारी मिसळ खाल्ल्याशिवाय दिवस उजाडत नाही. त्यातली मटकी रटरट शिजलेली असते. तुझी आजी उसळच करायची, कच्चे मोड चिमूटभर कोशिंबिरीत, तेही घरच्या घरी, त्याच दिवशी. जंतू असला तर तो बियाच्या फटीत बसलेला असतो. आपण त्याला रात्रभर पाणी देतो, मग ऊब देतो, अंधार देतो. मोड वाढतो तसा तोही वाढतो. वरून कितीही धुतलं तरी सगळा निघत नाही, आणि बुरशीसारखा वासही येत नाही. दिसायला मोड फर्स्टक्लास. मुळ्याचा पाला उजेडात वाढतो, कोकोपीटच्या वरून कातरीने कापला जातो, मूळ आणि बी खाली राहतं, म्हणून तिथे धोका कमी. नाहीच असं मी म्हणत नाही.

2011 साली जर्मनीत हेच झालं होतं. जवळपास चार हजार माणसं आजारी, पन्नासवर गेली. आधी सगळ्यांनी स्पेनच्या काकडीवर बोट दाखवलं, तिथल्या शेतकऱ्यांनी काकड्या फेकल्या. शेवटी निघाली मेथी. मोड आणण्याची मेथी, इजिप्तहून आलेल्या बियांची. शेत स्वच्छ होतं, माणसं शिकलेली होती.

तुला 2010 आठवतं का? तू आठवीत होतीस. आपली द्राक्षं युरोपात अडकली. क्लोरमेक्वाट, वेलीची वाढ रोखायचं औषध, किलोत 0.05 मिलिग्रॅमच्या मर्यादेवर निघालं. आम्ही ते खरड छाटणीनंतर मारलं होतं, घड दिसायच्या कितीतरी महिने आधी. मणी असा होता, की हातात घेतला तर आरपार बोट दिसावं. व्यापाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. मी महिनाभर म्हणत होतो, माल चांगला आहे हो, खाऊन बघा. तुझी आई एकदा म्हणाली, खाऊन कळलं असतं तर त्यांनी मशीन कशाला लावलं असतं? तेव्हापासून ‘दिसायला चांगलं’ या शब्दांवर माझा विश्वास नाही.

बघ, भाषण सुरू झालं. माफ कर. तू नोकरी सोडून हे सुरू केलंस तेव्हा मी चार महिने कुणाला सांगितलं नव्हतं, हे तुला माहीत आहे. परवा मात्र बसस्टँडवर पाटलांना डबी दाखवली आणि म्हटलं, आमच्या मुग्धाच्या ओट्यावरची आहे. ते तुला सांगायचं राहून गेलं.

मोड बंद कर असं नाही म्हणत. लेबल बदल. ‘उसळीसाठी, शिजवून खा’ असं मोठ्या अक्षरांत लिही. काही गिऱ्हाइकं तुटतील, घरी मोड आणता येतात म्हणतील. तुटू देत. आणि म्हातारी माणसं, लहान मुलं, गरोदर बाई, केमो चालू असलेलं कुणी असेल, तर त्या घरी कच्चे मोड द्यायचेच नाहीत, मागितले तरी. मोड देतेस त्या घरांची वही केलीस तर मी येऊन लिहून देतो, अक्षर माझं बरं आहे. पेरणीचं रंगीत बी, गुलाबी थर दिलेलं, स्वस्त मिळालं तरी ओट्यावर आणू नकोस, त्याला औषध लावलेलं असतं. हे तुला माहीत आहे. तरी लिहिलं.

मोहरीचा ट्रे ब्लीचच्या पाण्यात बुडवून, धुऊन, गच्चीवर उन्हात उलटा ठेवलाय. ऊन कुठलं म्हणा. वाळल्याशिवाय पुन्हा पेरू नकोस.

तुझे,
अण्णा

ता. क. त्या सूनबाईंना सातवा चालू आहे असं त्यांच्या सासूबाई म्हणाल्या होत्या. आधीच्या दोन आठवड्यांच्या पिशव्या त्यांनी कच्च्या खाल्ल्या की शिजवून, एवढं विचारतेस का? सहज विचार, घाबरवू नकोस. आणि मला कळव.